वहीच्या समासातला प्रश्न

‘माझी आजीपण बाजारात बसते.’

आठवीतल्या एका मुलीच्या निबंधातली ही सातवी ओळ. विषय होता ‘आमच्या गावचा आठवडी बाजार’. या ओळीच्या वर सहा ओळी होत्या. आमच्या गावी दर मंगळवारी बाजार भरतो. बाजारात खूप गर्दी असते. सगळीकडे रंगीबेरंगी वस्तू मांडलेल्या असतात. भाजी, फळे, कपडे, भांडी असे सर्व काही मिळते. लहान मुले खेळण्यांसाठी हट्ट करतात. विक्रेते मोठमोठ्याने ओरडून गिऱ्हाइकांना बोलावतात. मग आजी आली, आणि तिच्या लगेच खाली, बाजारामुळे गावाची शोभा वाढते म्हणून मला बाजार खूप आवडतो, असं म्हणून निबंध संपला होता.

बावीस वर्षं मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. त्यातली पहिली पंधरा वर्षं अशा निबंधाला मी दहापैकी सहा गुण दिले असते. लाल पेनाने तीन-चार ऱ्हस्व-दीर्घ सुधारले असते आणि खाली लिहिलं असतं, ‘प्रयत्न चांगला. अजून विस्तार हवा. शुद्धलेखनाकडे लक्ष दे.’ वही परत गेल्यावर काय होतं हे प्रत्येक शिक्षकाने पाहिलेलं आहे. पोरं शेवटचं पान उघडतात, वर्तुळातला आकडा बघतात, शेजारच्याला ‘तुला किती?’ विचारतात आणि वही दप्तरात जाते. शेरा वाचलाच तरी त्याचं करायचं काय? ‘विस्तार हवा’ म्हणजे नेमकं काय हवं, ते त्या शेऱ्यात नाही. आणि समजा कळलं, तरी तो विस्तार करायला जागा कुठे आहे? पुढच्या महिन्यातला निबंध ‘पाण्याचे महत्त्व’ असतो. त्यात आजी येत नाही.

आकडा का रोखतो, यावर इस्रायलमधल्या मानसशास्त्रज्ञ रूथ बटलर यांचं 1988 साली प्रसिद्ध झालेलं संशोधन आहे. पाचवी-सहावीच्या मुलांना त्यांनी काही कामं दिली. त्यात शब्दांचे खेळ होते आणि कल्पकतेला वाव देणारी कोडी होती. काम तपासून परत देताना मुलांचे तीन गट केले. एका गटाला फक्त गुण मिळाले. दुसऱ्याला फक्त शेरा मिळाला, म्हणजे तुझ्या कामात काय जमलं आणि काय राहिलं ते सांगणारं एखादं वाक्य. तिसऱ्याला गुण आणि शेरा दोन्ही. पुढच्या वेळी शेरेवाल्या गटाचं काम सुधारलं, त्यांची गोडीही टिकली. फक्त गुणवाल्यांचं सुधारलं नाही. इथवर कुणाला नवल वाटणार नाही. पण तिसऱ्या गटाने मला हलवलं. दोन्ही मिळालेल्या मुलांची गत फक्त गुणवाल्यांसारखीच झाली. शिक्षकाने शेरा लिहायला घेतलेले कष्ट शेजारच्या आकड्याने पुसून टाकले. ती कामं निबंधाची नव्हती, हे लक्षात ठेवायला हवं. तरीही वर्गात वर्षानुवर्षं दिसणाऱ्या त्या ‘तुला किती?’चा अर्थ मला तिथे पहिल्यांदा लागला. आकडा मुलाला सांगतो की तू इतरांच्या मानाने कुठे आहेस. ते कळलं की मन कामावरून उठतं आणि स्वतःकडे वळतं. सहावाल्याला वाईट वाटतं, नऊवाल्याला बरं वाटतं, आणि निबंध दोघांच्याही लेखी संपलेला असतो.

म्हणून सात वर्षांपूर्वी मी क्रम बदलला. मुलं आधी कच्चा निबंध लिहितात. तो वहीच्या उजव्या पानावर असतो, समोरचं डावं पान कोरं ठेवायचं. मी कच्चा निबंध वाचते, समासात दोन शेरे लिहिते, गुण देत नाही. वह्या परत दिल्या की त्याच तासाला मुलं डाव्या पानावर निबंध पुन्हा लिहायला घेतात. हे ‘त्याच तासाला’ महत्त्वाचं आहे. सुरुवातीला मी ‘घरून लिहून आणा’ म्हणायचे. तेव्हा अर्धी मुलं तोच निबंध सुंदर अक्षरात उतरवून आणायची. वर्गात शेरा डोळ्यांसमोर असतो आणि न कळलेला शेरा मला उठून विचारता येतो. ‘बाई, इथं तुम्ही काय लिहिलंय?’ हा प्रश्न मला पहिल्या वर्षी इतक्यांदा आला की माझेच शेरे किती मोघम असतात ते मला उमगलं. गुण मी दुसऱ्या निबंधाला देते, तेही शाळेला लागतात म्हणून, आणि ते माझ्या नोंदवहीत असतात.

आता त्या मुलीच्या वहीकडे परत येऊ. समासात मी दोनच गोष्टी लिहिल्या. आजीच्या ओळीशेजारी लिहिलं, ‘आजी काय विकते? माल कसा मांडते? संध्याकाळी उरला तर काय करते? मला हे वाचायचं आहे.’ आणि वरच्या सहा ओळींना एक कंस घालून, ‘या ओळी कुठल्याही गावच्या बाजाराला चालतील. हा तुमचाच बाजार आहे, हे पहिल्या दोन ओळींत कसं कळेल?’ बाकी काहीही लिहिलं नाही. शेवटची शोभेची ओळ मला खटकली होती, ती सोडून दिली.

दुसऱ्या निबंधातला मधला भाग मी माझ्याकडे उतरवून ठेवला आहे.

‘आजी मेथी आणि शेपू विकते. ती गोणपाट अंथरते आणि जुड्या मुळे आत, पाला बाहेर अशा गोल लावते. मग लांबून फक्त हिरवे दिसते. ओल्या फडक्याने ती सारखे पाणी मारते. सकाळी जुडी दहा रुपयाला असते. तीन वाजले की ती पाचला देते, कारण पाला मान टाकतो. उरलेल्या जुड्या आजी घरी आणत नाही. शेजारच्या बांगडीवाल्या मावशीला देते आणि ती आजीला दोन बांगड्या देते. आता माझ्या हातात त्याच आहेत.’

ही तीच मुलगी, तीच आठवडाभरापूर्वीची. या आठवड्यात तिची भाषा वाढली नाही, नवे शब्द कुणी शिकवले नाहीत. हे सगळं तिला आधीपासून माहीत होतं. निबंधात हे लिहायचं असतं, याची तिला कल्पना नव्हती. निबंध म्हणजे शोभा, रंगीबेरंगी आणि ‘म्हणून मला आवडतो’, असा तिचा समज होता, आणि तो समज आम्हीच, गाइडांतल्या नमुना निबंधांनी आणि सहा-सहा गुणांनी, घट्ट केलेला होता. समासातल्या प्रश्नाने तिला एवढंच कळलं की वाचणारी बाई खरंच वाचते आहे आणि तिला आजीबद्दल ठाऊक नाही.

दुसरा शेरा मात्र तिने अर्धाच पेलला. सुरुवात तिने अशी केली: ‘आमच्या गावचा बाजार म्हसोबाच्या वडाखाली भरतो.’ वड आला, पण त्याच्यामागून रंगीबेरंगी वस्तू पुन्हा आल्याच. शोभा वाढवून निबंध संपला. म्हणजे एका शेऱ्याने जिथे बोट ठेवलं तिथे निबंध जिवंत झाला, बाकीचा जिथल्या तिथे राहिला. हे असंच होतं, आणि त्यात हताश होण्यासारखं काही नाही. शेरा लागू पडला की नाही हे ओळखायची माझी खूण हीच आहे: उजवं आणि डावं पान शेजारी धरायचं आणि शेऱ्याच्या जागी नेमकं काय बदललं ते बघायचं. काहीच बदललं नसेल तर बहुतेक वेळा दोष शेऱ्याचा असतो.

दोष कसा असतो, हे नॅन्सी सॉमर्स या अमेरिकन अभ्यासिकेने 1982 साली चांगलं दाखवून दिलं आहे. महाविद्यालयातल्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांच्या कच्च्या लेखनावर लिहिलेले शेरे त्यांनी जमवले. त्यात दोन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या. एक तर बरेच शेरे शिक्क्यासारखे होते, या वहीतून उचलून त्या वहीत लावले तरी फरक पडू नये असे. दुसरी गोष्ट जास्त घातक होती. एकाच परिच्छेदात ‘इथे स्वल्पविराम दे’ असंही लिहिलेलं असायचं आणि ‘हा परिच्छेद नीट वाढव’ असंही. परिच्छेद पुन्हा लिहायचा असेल तर ते वाक्य राहणारच नाही. मग त्यातला स्वल्पविराम कशाला सुधारायचा? विद्यार्थी अर्थातच सोपं ते करतो. स्वल्पविराम देतो आणि परिच्छेद आहे तसा ठेवतो.

शिक्क्याचे शेरे आपल्याकडेही भरपूर आहेत. शिक्षण हक्क कायदा आला आणि महाराष्ट्रात 2010 साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झालं. त्यात आठवीपर्यंत आकारिक आणि संकलित असे दोन भाग होते. आकारिक म्हणजे शिकणं चालू असतानाचं मूल्यमापन, ज्यात शिक्षकाने मुलाबद्दल वर्णनात्मक नोंदी करायच्या. कल्पना उत्तम होती, मी आजही तिच्या बाजूने आहे. पण प्रत्येक मुलाच्या, प्रत्येक विषयाच्या नोंदी करता करता शिक्षक टेकीला आले, आणि बाजारात तयार नोंदींची पुस्तकं आली. ‘आपले विचार स्वतःच्या शब्दांत मांडते’ किंवा ‘लेखनात सुधारणा आवश्यक’ अशी वाक्यं त्यातून प्रगतिपुस्तकावर उतरली. ती नोंद मुलाच्या हाती निबंध सुधारण्यासाठी कधी पडलीच नाही; ती पडली वर्ष संपल्यावर, पालकांच्या हाती. नोंद वर्णनात्मक होती, पण तिला जायला कच्चा निबंध नव्हता. माझ्या मते बिघडलं ते इथे.

ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न मी वेगळा काढला आहे, कारण सर्वात जास्त लाल शाई तिथेच सांडते. कच्च्या निबंधात मी एकही शब्द सुधारून देत नाही. ज्या ओळीत चूक आहे तिच्या समोर समासात एक टिंब देते, दोन चुका असतील तर दोन टिंबं. चूक कुठली ते मुलाने शोधायचं. ही युक्ती माझी नाही. अमेरिकेत रिचर्ड हॅसवेल या प्राध्यापकाने 1983 साली ती मांडली. त्यांच्या विद्यार्थ्यांनी अशा खुणेवरून शंभरातल्या साठएक चुका आपल्या आपण दुरुस्त केल्या. म्हणजे निम्म्याहून जास्त चुका अज्ञानाच्या नव्हत्या, पुन्हा न वाचल्याच्या होत्या. माझ्या वर्गात मी मोजदाद केलेली नाही, पण चित्र तसंच आहे. ‘आणी’, ‘पाणि’ हे टिंब पाहिल्याबरोबर सापडतात. ‘विहीरीत’, ‘बहीणीला’ सापडत नाहीत. मुलं ती ओळ चारदा वाचतात आणि माझ्याकडे बघतात. म्हणजे तिथे शिकवायला हवं. विहीर, बहीण, गरीब यांतला दुसरा स्वर दीर्घ आहे. पण शब्दाला प्रत्यय लागून रूप बदललं की तो ऱ्हस्व होतो: विहिरीत, बहिणीला, गरिबाला. हा नियम मी आता फळ्यावर दहा मिनिटांत घेते, कारण टिंबांनी मला दाखवलेलं असतं की वर्गाला नेमकं काय येत नाही. लाल पेनाने शब्द सुधारून दिले, तेव्हा ही माहिती मला कधीच मिळाली नव्हती.

चुका माझ्याकडूनही झाल्या. एका मुलाचा ‘आमची शेळी’ वाचताना मला इतकं काही सुचलं की समासात मी नऊ शेरे लिहिले. त्याने डाव्या पानावर पहिल्या दोन शेऱ्यांपुरता निबंध बदलला आणि तिसऱ्यापासून जुनाच उतरवला. त्याचं बरोबरच होतं. नऊ ठिकाणी चुकलोय असं ऐकल्यावर कोण लिहील? दुसऱ्या एका मुलीला मी वाक्यच सुचवलं. ते तिने जसंच्या तसं लिहिलं, ते वाक्य पानावर सगळ्यात चांगलं होतं आणि तिचं नव्हतं. तेव्हापासून मी विधान टाळते, प्रश्न लिहिते. पण प्रश्नालाही एक खोड आहे. काही मुलं त्याला प्रश्नोत्तराचं उत्तर देतात. एकाने आजोबांच्या लोहारकामावर लिहिलं होतं. ‘भात्याचा आवाज कसा येतो?’ असं मी विचारलं, तर दुसऱ्या निबंधात परिच्छेदाच्या मधोमध एक वाक्य आलं, ‘भात्याचा आवाज फूसफूस असा येतो.’ मागे-पुढे काहीही जोडलेलं नाही. अशा मुलाला शेजारी बसवून ‘मग आवाज आल्यावर तू काय करायचास?’ असं तोंडी विचारावं लागतं. तो म्हणाला, ‘मी झोपेतून उठायचो.’ मग ‘ते लिही’ एवढंच सांगायचं उरलं. प्रत्येकाला असं शेजारी बसवणं बावन्न मुलांच्या वर्गात जमत नाही. एका तासात तीन-चार मुलं होतात.

बावन्न हा आकडा सांगितल्यावर इतर शिक्षक लगेच वेळेचं विचारतात, आणि ते योग्यच आहे. पूर्वी एका वहीला सात मिनिटं धरली तरी एका निबंधाला सहा तास लागायचे. आता कच्च्या निबंधाला चार मिनिटं लागतात, कारण मी शब्द सुधारत बसत नाही. दुसऱ्याला दोन, कारण फक्त शेऱ्यांच्या जागा बघायच्या असतात. मिळून पाच-सव्वापाच तास. माझा वेळ वाढला नाही. वर्गातला वाढला, कारण प्रत्येक निबंधाला दोन तासिका जातात. म्हणून वर्षाला आठऐवजी पाचच निबंध होतात. आठ निबंध एकेकदा लिहून सोडण्यापेक्षा पाच निबंध दोनदा लिहिणं मला जास्त मोलाचं वाटतं, आणि या बाबतीत मी आता कुणाशीही वाद घालायला तयार असते.

पालकांचं वेगळं. पहिल्याच वर्षी एक वडील वही घेऊन आले. ‘बाई, वहीत मार्कच नाहीत. पोरगं कसं चाललंय ते आम्हाला कसं कळायचं?’ मी त्यांच्यापुढे दोन्ही पानं उघडली आणि म्हटलं, ‘तुम्हीच वाचा आधी हे, मग हे.’ ते खाली बसले. बोट ठेवत ठेवत वाचलं त्यांनी. मग म्हणाले, ‘हे दुसरं बरं आहे. पण दहावीला असं दोनदा लिहायला देतात का?’ या प्रश्नाला माझ्याकडे सोयीस्कर उत्तर नव्हतं. बोर्डाच्या परीक्षेत कच्चा निबंध नसतो, समासात कुणी प्रश्न लिहीत नाही, आणि तिथे आकडाच लागतो. काम संपल्यावर ते किती जमलं हे सांगायला आकडा हवाच. मी त्यांना एवढंच म्हटलं की परीक्षेत बाई नसतील, तर तो प्रश्न पोराने स्वतःला विचारायला हवा, आणि तशी सवय लागायला त्याआधी पुष्कळदा कुणीतरी विचारलेला असावा लागतो. ते ‘बघू’ म्हणून गेले.

त्या आजीच्या नातीचा त्या वर्षातला पाचवा निबंध ‘आमच्या शाळेचे मैदान’ यावर होता. मार्चमध्ये वह्यांचा गठ्ठा घरी आणला आणि तिची वही उघडली, तर उजव्या पानावर, मी पेन उचलण्याआधीच, समासात पेन्सिलीने दोन टिंबं होती. खालच्या ओळीला कंस होता, आणि त्याच्याशेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: ‘बाई, ही ओळ कुठल्याही शाळेला चालेल. पण दुसरी अजून सुचली नाही.’